सोळा टक्क्यांनी की सोळा टक्क्यांवर?

प्रश्न: पावसाळा सुरू झाला की मी आमच्या भागातल्या लोकांसाठी मुंबईच्या सात तलावांच्या पाणीसाठ्यावर दर आठवड्याला लिहितो. मागच्या वेळी साठा १० टक्क्यांचा १६ टक्के झाला, म्हणून ‘साठा ६ टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलं. एका काकांनी ‘सहा नव्हे, साठ टक्के’ म्हणून खोडून काढलं. एका ताईंनी विचारलं, म्हणजे नेमकं किती दिवसांचं पाणी? आकडे मी महापालिकेच्या तक्त्यातून जसेच्या तसे घेतो. मग चुकतं कुठे? टक्के, लाख-दशलक्ष आणि गेल्या वर्षीशी तुलना कशी लिहावी?

उत्तर:

काकांचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. भानगड तिथेच आहे. तुमचे ६ टक्के तलावांच्या पूर्ण क्षमतेचे, काकांचे ६० टक्के आधी असलेल्या पाण्याचे. दहाचे सोळा झाले, तर वाढ सहाची आणि सहा म्हणजे दहाचे साठ टक्के. वाक्यात ‘कशाचे टक्के’ हे नसलं की वाचक आपापला छेद धरतो आणि दोघंही खरं बोलत भांडतात.

या फरकासाठी ‘टक्केबिंदू’ असा शब्द आहे. अर्थविषयक पानांवर तो चालतो. पण तुमच्या वाचकांपैकी किती जण तो वाचून थांबणार नाहीत? मी वीसेक वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर आकड्यांच्या बातम्या तपासल्या आणि तो शब्द जेमतेम चार-पाच वेळा जाऊ दिला असेल. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन्ही टोकं लिहायची: ‘साठा १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला.’ वाढ किती हे सांगायच्या भरीलाच पडायचं नाही. ज्याला सहा हवेत तो सहा काढेल, ज्याला साठ हवेत तो साठ.

मराठीत इथे एक जास्तीचा सापळा आहे, तो म्हणजे ‘नी’ आणि ‘वर’. ‘साठा १६ टक्क्यांवर गेला’ आणि ‘साठा १६ टक्क्यांनी वाढला’ यांत एका प्रत्ययाचा फरक, पण अर्थ पार वेगळा. रात्री साडेअकराला मथळा दोन शब्दांनी लांब होतोय म्हणून कोणीतरी ‘साठा १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला’चं ‘साठा १६ टक्क्यांनी वाढला’ करतो. त्याला वाटतं आपण फक्त भाषा घट्ट केली. म्हणून मी ‘टक्क्यांनी’ हा शब्द दिसला की तिथे पेन्सिलने गोल करायचो आणि मागच्या आठवड्याचा आकडा मागायचो. तो मिळाला नाही तर वाक्य ‘टक्क्यांवर’ करून सोडायचो.

‘दुपटीने वाढला’चं तसंच. लिहिणाऱ्याच्या मनात ‘दुप्पट झाला’ असतं. शब्दशः वाचणाऱ्याला मूळ अधिक दुप्पट, म्हणजे तिप्पट दिसतं. सरळ ‘दुप्पट झाला’ लिहा. ‘तिपटीने घटला’ला तर अर्थच नाही, एक पट घटला की शून्य होतं. तिथे ‘एक तृतीयांशावर आला’ हवं.

आता ताईंचा प्रश्न. माझ्या मते तो काकांच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, कारण त्यात मोठ्या आकड्याचं काय करायचं हे दडलंय.

सातही तलावांची मिळून उपयुक्त साठ्याची क्षमता महापालिका १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरते. बातम्यांत ते ‘साडेचौदा लाख दशलक्ष लिटर’ होतं. लाखावर दशलक्ष चढवलेला हा मनोरा बहुतेकांच्या डोक्यात उभाच राहत नाही. वाचक ‘साडेचौदा लाख लिटर’ एवढंच उचलतो. साडेचौदा लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे १४५ टँकर! एखाद्या मोठ्या वसाहतीचे काही दिवस त्यात निघतील, मुंबईचं तोंडही ओलं होणार नाही.

दुसरा घोळ भाषांतरात होतो. इंग्रजी तक्त्यातला ‘मिलियन’ घाईत ‘लाख’ होतो आणि आकडा दहाव्या भागावर येतो. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. हे मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं आणि ती चिठ्ठी निवृत्तीपर्यंत तिथेच होती. इंग्रजी स्वल्पविरामही जसाच्या तसा घेऊ नका. तीन-तीन आकड्यांवर तोडलेला १,४४७,३६३ मराठी डोळा आधी चाचपडत वाचतो. तो १४,४७,३६३ असाच लिहायचा.

शुद्ध लिटरमध्ये हा साठा सुमारे १ लाख ४५ हजार कोटी लिटर होतो. बरोबर आहे, पण निरुपयोगी. त्यातून कोणाला काही दिसत नाही. हा आकडा भागून घ्या. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. क्षमतेचा एक टक्का म्हणजे साधारण १४,४७४ दशलक्ष लिटर. भागाकार केला की येतात ३.७. म्हणजे एक टक्का साठा हे मुंबईचं जेमतेम पावणेचार दिवसांचं पाणी. एवढं एक लक्षात ठेवलं की तक्त्यातला प्रत्येक आकडा दिवसांत बोलायला लागतो. १० टक्के म्हणजे ३७ दिवस, १६ टक्के म्हणजे ५९-६०.

हे लिहिताना दोन ठिकाणी हात आखडता घ्या. एक, ‘मुंबईकडे फक्त ३७ दिवसांचं पाणी’ असा मथळा करू नका. हा हिशेब पाऊस अजिबात पडणार नाही, बाष्पीभवन होणार नाही आणि पुरवठा तसाच राहील असं धरून आहे. दोन, तक्त्यातलं शून्य म्हणजे कोरडं धरण नव्हे. उपयुक्त साठ्याच्या खालीही पाणी असतं. उन्हाळा फार ताणला तर भातसा आणि अप्पर वैतरणामधल्या राखीव साठ्यातून उचल करायला राज्य सरकार परवानगी देतं. त्यामुळे ‘सध्याच्या पुरवठ्याच्या हिशेबाने साधारण ३७ दिवस पुरेल एवढा उपयुक्त साठा’ हे लांब वाक्यच बरोबर. ‘उपयुक्त’ हा त्यातला शब्द जागा वाचवायला काढायचा नाही.

याच कारणाने महापालिकेचा तक्ता आणि राज्याच्या जलसंपदा विभागाचा तक्ता एका वाक्यात मिसळू नका. भातसा दोन्हीकडे आहे, पण महापालिका त्याची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर धरते आणि जलसंपदा विभाग पूर्ण उपयुक्त साठा मोजतो, तो सुमारे ९,४२,००० दशलक्ष लिटर. छेद वेगळा, शून्याची पातळीही वेगळी. एकाच दिवशी एकाच धरणाचे दोन वेगळे टक्के दिसले तर कोणीतरी खोटं बोलतंय असं समजून लेख लिहायला बसू नका. मी एकदा बसलो होतो. सुदैवाने छापायच्या आधी एका निवृत्त अभियंत्यांना फोन लावला आणि ते पाच मिनिटं नुसतं हसले.

आता ती चूक, जी तुमच्याकडून अजून झाली नसेल तर येत्या जुलैत होईल.

तुळशी तलाव भरून वाहू लागला की फोटो येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला तलाव, धुकं, सांडव्यावरून पांढरं पाणी. मी ज्या दैनिकात होतो तिथे एका वर्षी मथळा गेला, ‘तुळशी काठोकाठ, मुंबईकरांची चिंता मिटली’. मथळा तपासला मीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपहून एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, ‘मग टँकरवाल्याला नको म्हणून सांगू का?’ मी तक्ता उघडला. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबईचं दोन दिवसांचं पाणी. एकूण क्षमतेत तुळशीचा वाटा अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. तो शंभर टक्के भरला काय नि दोनदा भरला काय!

एकूण साठ्यातला अर्धा वाटा एकट्या भातसाचा आहे. पण तो शहापूरकडे, शहरापासून लांब, म्हणून त्याचे फोटो फारसे येत नाहीत. जवळचं ते मोठं वाटतं.

इथून पुढची चूक हिशेबाची. समजा एका दिवशी तक्ता असा आहे (टक्के मी उदाहरणासाठी धरलेत, क्षमता खऱ्या आहेत):

| तलाव | क्षमता (दशलक्ष लिटर) | भरलेला (टक्के) |
|---|---|---|
| तुळशी | ८,०४६ | १०० |
| विहार | २७,६९८ | १०० |
| मोडक सागर | १,२८,९२५ | ६० |
| तानसा | १,४५,०८० | ६० |
| मध्य वैतरणा | १,९३,५३० | ३० |
| भातसा | ७,१७,०३७ | ३० |
| अप्पर वैतरणा | २,२७,०४७ | १० |

घाईतला माणूस शेवटच्या रकान्याची बेरीज करतो, ३९०. भागिले सात, ५६ टक्के. तो लिहितो, ‘तलाव निम्म्याहून अधिक भरले’. आता प्रत्येक तलावातलं पाणी काढू. तुळशी आणि विहार पूर्ण, दोन्ही मिळून ३५,७४४. मोडक सागर आणि तानसाचे साठ टक्के म्हणजे १,६४,४०३. मध्य वैतरणात ५८,०५९, अप्पर वैतरणात २२,७०५ आणि भातसात २,१५,१११. बेरीज ४,९६,०२२ दशलक्ष लिटर. भागिले १४,४७,३६३, तर येतात ३४ टक्के.

छप्पन आणि चौतीस. मधल्या, दशांश धरून साधारण साडेएकवीस टक्क्यांना पावणेचारने गुणा, सुमारे ८० दिवस. घाईतल्या सरासरीने मुंबईला अडीच महिन्यांचं पाणी कागदावर बहाल केलं.

असं का होतं? साध्या सरासरीत तुळशीला आणि भातसाला सारखंच मत मिळतं, आणि भातसा तुळशीच्या जवळजवळ ९० पट आहे. टक्क्यांची सरासरी टक्क्यांवरून काढायची नाही, आधी टक्क्यांचं पाणी करायचं, पाण्याची बेरीज करायची, मग पुन्हा टक्के. तुम्ही आकडे एक्सेलमध्ये ठेवत असाल तर `B` रकान्यात क्षमता आणि `C` रकान्यात टक्के घालून हे एकच सूत्र पुरे:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

चूक ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर भातसाच्या टक्क्यांपासून फार लांब गेलं असेल तर काहीतरी बिघडलंय. वरच्या उदाहरणात भातसा ३०, खरं उत्तर ३४. छप्पन पाहूनच शंका यायला हवी होती.

दशांशाबद्दल. सूत्रातून ३४.२७ येईल. मी ३४ लिहीन. पण साठा ५.४ टक्के असेल तर त्याला ५ करणार नाही, कारण त्या दिवसांत ०.४ म्हणजे दीड दिवसाचं पाणी असतं आणि लोक दिवसच मोजत असतात. दशांशाचा एक नियम मी कधीच पाळला नाही. आकडा कापल्यावर वाचकाचं काही जातंय का, एवढंच बघितलं.

पाणीकपातीचे टक्के हा वेगळा प्राणी आहे. जूनमध्ये एकाच परिच्छेदात ‘साठा १० टक्के’ आणि ‘कपात १० टक्के’ येतात आणि दोन्हींचे छेद निराळे असतात. पहिला तलावांच्या क्षमतेचा, दुसरा रोजच्या पुरवठ्याचा. २०२४मध्ये ३० मेपासून ५ टक्के कपात होती आणि ५ जूनपासून ती १० टक्के झाली. काही जणांनी ‘आणखी १० टक्के कपात’ असं पुढे पाठवलं आणि लोकांनी पाच अधिक दहा पंधरा केले. ‘कपात ५वरून १० टक्के’ लिहिलं असतं तर घोळ टळला असता. पुन्हा तेच, दोन्ही टोकं.

त्याच बातमीचा ‘कपात दुप्पट’ असाही मथळा होऊ शकतो, आणि तो खोटाही नाही. पण शंभरातले ९५ मिळत होते ते ९० मिळायला लागले. घरात आलेलं पाणी जेमतेम पाच टक्क्यांनी घटलं. लहान आकड्याची पट काढली की ती नेहमी भयंकर दिसते, म्हणून पट लिहिण्याआधी मूळ आकडा किती लहान आहे ते पाहा. आणि हे दहा टक्केही सरासरीच. जलवाहिनीच्या टोकाला किंवा चढावर राहणाऱ्याच्या नळाला दाब कमी झाला की तिथली तूट दहावर थांबत नाही. ‘तुमच्या घरी १० टक्के कमी पाणी येईल’ असं लिहू नका, लोक भांडं मोजून फोन करतात.

गेल्या वर्षीशी तुलना. महापालिकेच्या रोजच्या तक्त्यात त्याच तारखेचे मागच्या दोन वर्षांचे आकडेही असतात. बहुतेक जण फक्त गेलं वर्ष उचलतात. जूनच्या शेवटी हे धोक्याचं आहे. पाऊस एका वर्षी दहा दिवस आधी आला की त्या तारखेचा साठा फुगलेला दिसतो. समजा यंदा १६, गेल्या वर्षी ३२ आणि त्याआधी १२ टक्के होता. फक्त गेलं वर्ष घेतलं तर ‘साठा निम्म्यावर’. त्याआधीचं घेतलं तर ‘साठा ३३ टक्क्यांनी अधिक’. दोन्ही खरे, दोन्ही अर्धवट. तिन्ही आकडे एका ओळीत ठेवा आणि विशेषण टाळा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र मी एका वर्षाशीही निर्धास्त तुलना करतो, कारण तोवर पावसाळा उरकलेला असतो आणि पाणी वर्षभर पुरणार का हे त्याच सुमाराच्या साठ्यावरून ठरतं.

आणखी एक बारीक गोष्ट तुमच्या ‘वाढला’बद्दल. साठा १०वरून १६वर गेला त्या आठवड्यात मुंबईने सात दिवस पाणी वापरलंच, म्हणजे जवळपास दोन टक्के. त्यामुळे तलावांत आलेलं पाणी सहा नव्हे, आठेक टक्के होतं. ‘आठवड्यात ६ टक्के पाणी जमा झालं’ असं लिहिलं तर ते चुकेल. ‘साठ्यात भर पडली’ चालेल.

तुमचा मागचा परिच्छेद मी असा केला असता (गेल्या दोन वर्षांचे आकडे वरच्या समजुतीतले, तुम्ही तक्त्यातले घाला):

‘सोमवारी सकाळी सहा वाजता सात तलावांत मिळून उपयुक्त साठा क्षमतेच्या १६ टक्के होता. त्याआधीच्या सोमवारी तो १० टक्के होता. आठवडाभराचा वापर वजा जाऊन साठ्यात पडलेली भर शहराला सध्याच्या पुरवठ्याने साधारण तीन आठवडे पुरेल एवढी आहे. गेल्या वर्षी याच तारखेला साठा ३२ टक्के, तर त्याआधीच्या वर्षी १२ टक्के होता. तुळशी भरला असला तरी त्याचं पाणी मुंबईला दोनच दिवस पुरतं.’

यात दशलक्ष लिटर एकदाही आलं नाही. कोणाला हवंच असेल तर तक्ता खाली जोडा, पण आकड्यांच्या डोक्यावर एकक ठळक लिहून, आणि देवनागरी आकड्यांचा टाइप जरा मोठा ठेवून. मोबाइलवर १ आणि ९ इतके सारखे दिसतात की १६चे ९६ वाचणारे मी पाहिलेत, आणि त्यांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनही केलं होतं.